उणे चारचं वर्गमूळ

आमच्याकडे प्रश्नपत्रिका काढायची एक रीत आहे. मागच्या वर्षीचा प्रश्न घ्यायचा आणि त्यातला शेवटचा आकडा बदलायचा. यात कोणाला काही गैर वाटत नाही. पेपर काढायला चार दिवस मिळतात, त्यात दोन दिवस कॉलेजच्या परीक्षेचं पर्यवेक्षण असतं. मीही अनेक पेपर असेच काढले आहेत.

त्या वर्षी पेपर सरांनी काढला होता. सर म्हणजे धुळ्यातल्या एका कॉलेजातले गणिताचे विभागप्रमुख. मी एम.एस्सी.ला असताना मला शिकवलेलं, आणि आता निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. मी जळगावला शिकवते. दर उन्हाळ्यात उत्तरपत्रिका तपासायला धुळ्याच्या केंद्रावर जावं लागतं. सकाळची बस, पारोळ्याला चहा, दहाला केंद्रावर सही. मे महिन्यात त्या हॉलमधले पंखे गरम हवाच खाली ढकलतात. दिवसाला ठरलेल्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या नाहीत, तर उरलेला गठ्ठा दुसऱ्या दिवशीच्या गठ्ठ्यावर चढतो. म्हणून सगळे भरभर तपासतात. मी जरा जास्तच भरभर तपासते, आणि त्याचा मला अभिमान होता.

घनसमीकरणाचा प्रश्न आठ गुणांचा होता. मागच्या वर्षी तो x³ − 6x − 9 = 0 असा होता. सूत्राच्या रीतीने तो सरळ सुटतो. शेवटच्या आकड्याच्या निम्म्याचा वर्ग करायचा, मधल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा घन करायचा आणि पहिल्यातून दुसरा वजा करायचा. सव्वावीस वजा आठ, म्हणजे सव्वाबारा. त्याचं वर्गमूळ साडेतीन. ते साडेचारात मिळवलं की आठ, साडेचारातून वजा केलं की एक. आठचं घनमूळ दोन, एकचं एक. बेरीज तीन. तीन हे समीकरणाचं उत्तर.

सरांनी नऊच्या जागी चार घातला. त्यांनी तपासलं नव्हतं असं नाही. उणे दोन हे उत्तर चपखल बसतं हे त्यांनी पाहिलं होतं. उणे आठ अधिक बारा वजा चार, शून्य. पूर्णांक उत्तर आहे म्हणजे गणित सुटसुटीत आहे, असं धरून त्यांनी लिफाफा बंद केला.

पण सूत्राने करायला बसलं की दोनाचा वर्ग चार, दोनाचा घन आठ, चार वजा आठ, म्हणजे उणे चार. वर्गमूळ उणे चारचं. या समीकरणाला तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही खऱ्या संख्या आहेत, एकही काल्पनिक नाही. तरी सूत्राच्या वाटेने गेलं की मध्येच i येतो. i म्हणजे उणे एकचं वर्गमूळ. आमच्या पाठ्यपुस्तकात अशा वेळी एक वाक्य असतं, ही रीत इथे लागू पडत नाही, त्रिकोणमितीची रीत वापरावी. ते वाक्य मला सरांनीच शिकवलं होतं, आणि मी ते वीस वर्षं पुढे शिकवत आले.

तपासणीच्या पहिल्या दिवशी सरांनी आम्हाला गोळा करून आदर्श उत्तर समजावलं. ज्यांनी उणे चार आल्यावर थांबून ‘सूत्र लागू नाही’ असं लिहिलं आणि मग कोसाइनने सोडवलं, त्यांना आठपैकी आठ. ज्यांनी i घेऊन गाडं पुढे ओढलं, त्यांना उणे चारपर्यंतच्या पायऱ्यांचे दोन.

मी विचारलं, पुढे ओढून उत्तर बरोबर आलं असेल तर काय करायचं?

सर हसले. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर 2 + 2i लिहिलं. म्हणाले, याचं घनमूळ काढून दाखवा. घनमूळ a + bi धरा. त्यातली a काढायला बसलात की b घालवावा लागतो, आणि मग a चं जे समीकरण येतं त्यात दोन a च्या जागी x लिहा. त्यांनी लिहिलं. तेच समीकरण परत फळ्यावर आलं. x³ − 6x − 4 = 0.

“जे सोडवायचंय ते आधीच सुटलेलं असेल, तरच हे घनमूळ सापडतं,” सर म्हणाले. “म्हणजे पोरानं उत्तर आधी अंदाजानं काढलं, आणि मग मागून पायऱ्या रचल्या. चोरी नाही म्हणत मी. पण रीतही नाही. दोनच द्या.”

युक्तिवाद मला पटला. खरं तर भारीच वाटला. इतक्या वर्षांनंतरही माणूस फळ्यावर असं काही करून दाखवतो, असं मनात आलं. मी जागेवर जाऊन बसले आणि तपासायला लागले.

ती उत्तरपत्रिका मला आठवते असं मी म्हणणार नाही. आठवत नाही. त्या दिवशीच्या गठ्ठ्यात ती होती एवढं नंतर कळलं. मी i पाहिला, दोन गुण दिले आणि पुढच्या पानावर गेले. शेवटी, सगळे करतात तसं, उरलेल्या पानांवर लाल पेनने एकेक तिरकी रेघ ओढली. कोऱ्या पानांवर नंतर कोणी काही लिहू नये म्हणून ती रेघ असते. हात आपोआप चालतो. पान खरंच कोरं आहे का, हे पाहायला त्या उन्हात कोण थांबतं?

निकाल जूनच्या आधी लागला. चार दिवसांनी माझी एक विद्यार्थिनी विभागात आली. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली मुलगी. वडिलांची कोरडवाहू शेती, उन्हाळ्यात मोहफुलं आणि डिंक. ती जळगावला सरकारी वसतिगृहात राहायची. तीन वर्षं माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसली. फार बोलायची नाही, पण फळ्यावर माझी चूक झाली की पेन खाली ठेवायची. ते पाहून मी मागे वळून चूक शोधायचे.

तिचं शेवटचं वर्ष चांगल्या गुणांनी पार पडलं होतं. पहिल्या वर्षी परीक्षेच्या वेळी मलेरिया झाला होता, तेव्हा राहिलेला हा एकच पेपर उरला होता. तो सुटला की पदवी. तिच्या गावाजवळच्या आश्रमशाळेने गणिताच्या मानधनाच्या जागेवर तिला घ्यायचं कबूल केलं होतं, पण जूनमध्ये शाळा उघडताना पदवीचा कागद हातात हवा. तिथे दोन वर्षं गणिताला माणूस नव्हता. ती जागा म्हणजे तिला गावात राहून पगार, आणि धाकट्या बहिणीचं कॉलेज.

साठपैकी चोवीस हवे होते. तिला एकवीस पडले होते.

तिने उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली होती, ती माझ्यासमोर ठेवली. इतर प्रश्नांत तिने गोंधळ घातला होता, तो होताच. पण घनसमीकरणाचं उत्तर मी वाचायला लागले आणि पहिल्यांदाच ओळ न ओळ वाचलं. दोन अधिक दोन i. घनमूळ उणे एक अधिक i. जोडीचं दुसरं घनमूळ उणे एक वजा i. बेरजेत i जातो, उरतात उणे दोन. मग एकची काल्पनिक घनमुळं वापरून उरलेली दोन उत्तरं, एक अधिक वर्गमूळ तीन आणि एक वजा वर्गमूळ तीन. तिन्ही बरोबर. एकही पायरी खोटी नाही.

समासात दोनचा आकडा होता. त्याची खालची शेपटी गळासारखी वर वळलेली. तसा दोन मी काढते.

“हे घनमूळ तुला कुठून मिळालं?” मी विचारलं. माझ्या तोंडून सरांचाच प्रश्न आला.

तिने पानं उलटली. सगळ्यात शेवटच्या पानावर ‘कच्चे काम’ लिहून तिने एक वर्तुळ काढलं होतं. 2 + 2i हा बिंदू पंचेचाळीस अंशांवर. कोनाचे तीन भाग केले, पंधरा. वर्तुळाचा तिसरा हिस्सा मिळवला, एकशे पस्तीस. पुन्हा मिळवला, दोनशे पंचावन्न. एकशे पस्तीस अंशांवर, वर्गमूळ दोन इतक्या अंतरावर बिंदू, तोच उणे एक अधिक i. तिने अंदाज केला नव्हता. तिने कोन मोजला होता.

आणि आदर्श उत्तरात कोसाइनच्या रीतीने जे कोन येतात तेही हेच. पंधरा, एकशे पस्तीस, दोनशे पंचावन्न. सरांचं उत्तर आणि तिचं उत्तर यांत फरक एवढाच, की तिने i हे अक्षर लिहिलं होतं. वर्तुळावर मात्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ होती. छायाप्रत काळीपांढरी असते. लाल रेघ आणि निळी रेघ एकसारखीच दिसते.

“हे तू खोडलंस का?” मी विचारलं. रेघ माझी आहे हे मला तेव्हा पक्कं कळलं होतं. तरी विचारलं.

“नाही मॅडम,” ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

नियम असा आहे की विद्यार्थ्याने खोडलेलं पान तपासायचं नाही. दुसरा नियम असा, की परीक्षकाने आपण कोणाची उत्तरपत्रिका तपासली हे कधी कोणाला सांगायचं नाही. मी दुसरा नियम धरून बसले. तिला म्हटलं, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज कर, उत्तर बरोबर आहे, मिळतील गुण. अर्ज मी स्वतः वाचून दुरुस्त केला, मजकूर नेटका करून दिला. कामाचा माणूस अशा वेळी काम काढतो.

अर्ज द्यायला तिचे वडील बरोबर आले होते. विभागाच्या दाराशी चपला काढून उभे राहिले. मी खुर्ची दिली, तर बसले नाहीत. मुलीने त्यांना उत्तरपत्रिकेतलं सगळं समजावून सांगितलं असावं. ते मला म्हणाले, “अक्का, बठ्ठं बराबर शे म्हने पोर. मंग नापास कशी व्हयनी?”

मी सांगितलं की सगळं बरोबर असूनही तपासणीत कधी कधी असं होतं. “कधी कधी,” ते म्हणाले आणि मान हलवली. कापसाच्या प्रतवारीत व्यापारी बोट घालून दर पाडतो, तेव्हा शेतकरी अशीच मान हलवतो.

पुनर्मूल्यांकनाला छायाप्रतच जाते. दुसऱ्या परीक्षकाने आदर्श उत्तर समोर ठेवलं, i पाहिला, घनमुळाला कारण नाही, मागचं पान खोडलेलं. बदल नाही. एकवीसचे एकवीस.

मग मी धुळ्याला गेले. रविवारी, तपासणीचं काम नसताना. सर घरी होते, झोपाळ्यावर. काकूंनी पोहे केले. मी छायाप्रत दाखवली. सरांनी चष्मा लावून आधी पुढचं पान वाचलं, मग मागचं. वर्तुळापाशी बराच वेळ थांबले. त्यांना कळलं हे मला दिसलं. त्यांच्याइतकं चांगलं ते कोणाला कळणार?

“बरोबर आहे पोरीचं,” ते म्हणाले. “पण मागच्या पानावर काट आहे.”

“काट माझी आहे, सर.”

त्यांनी चष्मा काढला. “मग तसं लिहून दे. परीक्षा विभागाला. मी कोऱ्या पानांबरोबर कच्चं कामही काटलं, मूळ उत्तरपत्रिका काढून लाल शाई बघावी. ते बघतील. गुण वाढतील.” मग म्हणाले, “आणि तुझ्यावर पत्र निघेल. तपासणीतून काही वर्षं बाहेर. तुझी पदोन्नतीची फाइल कुठवर आलीय?”

फाइल जुलैमध्ये समितीपुढे जाणार होती. त्यांना ते माहीत होतं, शिफारसपत्र त्यांनीच दिलं होतं.

“आणि आदर्श उत्तराचं काय?” मी विचारलं. “सूत्र लागू नाही, हे चूक आहे ना? लागू आहेच. वाट i मधून जाते एवढंच.”

“पुस्तकात आहे ते,” सर म्हणाले. “मी एकट्यानं नाही लिहिलं. आणि तू वीस वर्षं काय शिकवलंस?”

मी छायाप्रत परत घेतली. फळ्यावर त्यांनी जे दाखवलं होतं ते खोटं नव्हतं. a आणि b ची बीजगणिताची वाट धरली, तर माणूस गोल फिरून त्याच समीकरणापाशी येतो. पण वाट ती एकच होती असं त्यांनी गृहीत धरलं, आणि आम्ही सगळ्यांनी खडूकडे बघत मान डोलावली. कोन मोजायचं त्या हॉलमध्ये कोणाला सुचलं नाही. सुचलं ते पायथ्याच्या गावातल्या मुलीला, आणि तिचं वर्तुळ आम्ही कोरं पान समजून काटलं. आम्ही नाही, मी.

परतीच्या बसमध्ये मी परीक्षा विभागाला द्यायच्या अर्जाचा मजकूर मनात रचला. घरी येऊन लिहिला. तारीख घातली, सही केली, घडी घालून पर्समध्ये ठेवला. सोमवारी दिला नाही, कारण प्रवेशाची गडबड होती. मंगळवारी दिला नाही. मग मी हिशेब केला, कारण मला तसा विचार करायची सवय आहे. ऑक्टोबरमध्ये पुन्हा परीक्षा आहेच. ती हुशार आहे, सहज सुटेल. सहा महिन्यांचा प्रश्न. माझ्या बाजूला पंधरा वर्षांची फाइल. असं मांडलं की उत्तर सरळ येतं.

जूनचा मध्य आला. आश्रमशाळा उघडली. त्यांनी शिरपूरचा एक पदवीधर घेतला. जीवशास्त्राचा होता, पण कागद पूर्ण होते. जुलैत माझी पदोन्नती झाली. विभागात पेढे वाटले. अर्जाचा कागद पाठकोरा होता, चांगला जाड. त्यावर मी नव्या वर्षाचं वेळापत्रक मांडलं.

ती ऑक्टोबरच्या परीक्षेला बसली, पास झाली. निकालाची मूळ गुणपत्रिका न्यायला जानेवारीत आली. मी तेव्हा विभागप्रमुख झाले होते, गुणपत्रिका माझ्याच टेबलावरून जात होत्या. दाराबाहेर मुलांची रांग होती. ती आत आली, वहीवर सही केली. आता काय करतेस विचारलं, तर शिरपूरला एका खासगी क्लासमध्ये दहावीचं बीजगणित शिकवते म्हणाली. तासावर. बहिणीचं कॉलेज? यंदा राहिलं, म्हणाली.

“पेपर सोपा गेला वाटतं,” मी म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

“तेच गणित आलं होतं मॅडम. आकडा बदलून.” ती गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवत होती. “मी लिहिलं, सूत्र लागू नाही. मग कोसाइनने केलं.”

“बरं केलंस.”

“खोटं आहे ते. पण आठ पडले असणार.”

बाहेर रांगेतलं कोणीतरी दार ढकलून आत डोकावलं, मी हातानेच थांब म्हटलं.

“मॅडम, तो दोन तुमचा होता ना?” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. वर्गात शंका विचारायची तसंच विचारलं. “तीन वर्षं माझ्या चाचणीच्या पेपरांवर बघितलाय. म्हणून तर छायाप्रत घेऊन तुमच्याकडे आले होते. दुसऱ्या कोणाकडे गेले नाही.”

सात महिने तिला माहीत होतं. मी विचारलं होतं, हे तू खोडलंस का, आणि ती माझ्याकडे बघत राहिली होती, तेव्हाही. ती मला सांगायची संधी देत होती.

“परीक्षकाचं नाव सांगता येत नाही,” मी म्हटलं.

“हो मॅडम,” ती म्हणाली. “नियम आहे.”

तिने पिशवी छातीशी धरली, नमस्कार केला नाही, आणि दाराकडे वळली. मी वहीत तिच्या सहीपुढे तारीख घातली. दोन तारीख होती. आकडा काढताना हात थांबला, मग मी तो नेहमीसारखाच काढला, शेपटी वर वळवून, आणि पुढच्याला आत बोलावलं.